वर्तुळाच्या शेंड्यावर

मंगळवार, रात्री

संध्याकाळपासून एकच आकृती चार वेळा काढली. ३०° चा खडबडीत उतार, त्यावर १० किलोचा भरीव दंडगोल. त्याला दोरी गुंडाळलेली. ती वरच्या अंगाने निघून उताराला समांतर वर जाते आणि खुंटीला बांधलेली आहे. दंडगोल घसरू नये म्हणून घर्षणांक किमान किती हवा?

आधी मी घर्षणाच्या जागी सरळ μN लिहिलं आणि तिथेच फसलो. μN ही घर्षणाची कमाल मर्यादा. वस्तू स्थिर असताना घर्षण लागतं तेवढंच येतं, आणि किती लागतं ते समतोल ठरवतो. केंद्राभोवती आघूर्ण घेतलं की वजन आणि लंब प्रतिक्रिया दोन्ही केंद्रातून जात असल्याने गळतात. उरतात दोरीचा ताण आणि घर्षण. दोघांचं अंतर त्रिज्येइतकंच, म्हणून दोघं समान. दोघंही उताराच्या वरच्या दिशेने ओढतात, तेव्हा Mg sinθ चा भार निम्मा-निम्मा वाटला जातो: ४९ न्यूटनपैकी घर्षणाकडे २४.५. लंब प्रतिक्रिया ८४.९ न्यूटन. गुणोत्तर ०.२९, म्हणजे μ ≥ (tanθ)/2. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही निघून गेली. दंडगोल पोकळ असता तरी उत्तर हेच आलं असतं. भरीवपणाचा हिशोब तो घसरत फिरायला लागल्यावरच करावा लागतो.

मग वाटलं, दोरी समांतर न ठेवता आडवी बांधली तर? ती आता दंडगोलाच्या सर्वांत उंच बिंदूपासून निघते. ताण आणि घर्षण अजूनही समान, पण घर्षण वाढून २६.३ न्यूटन झालं. मला वाटलं, आता जास्त खडबडीत पृष्ठभाग लागणार. प्रत्यक्षात घर्षणांक ०.२७ वर उतरला! आडवी दोरी दंडगोलाला उतारावर दाबतेही, आणि लंब प्रतिक्रिया वाढून बरोबर Mg होते, ९८ न्यूटन. सूत्र निघालं μ ≥ tan(θ/2).

हा अर्धा कोन कुठून आला, हे कळेपर्यंत वही मिटवेना. शेवटी आकृतीतच सापडलं. दंडगोलावर तीनच बलं आहेत: वजन, ताण आणि उताराने दिलेलं एकत्रित बल. तीन बलांचा समतोल असेल आणि ती समांतर नसतील, तर त्यांच्या रेषा एकाच बिंदूत मिळायला हव्यात. वजनाची उभी रेषा केंद्रातून वर जाऊन नेमकी त्या सर्वांत उंच बिंदूला भेटते, जिथून दोरी निघते. म्हणून उताराचं बलही स्पर्शबिंदूपासून तिथेच रोखलेलं असणार. ते लंबाशी जो कोन करतं, तो वर्तुळाच्या परिघावरचा. केंद्राशी त्याच कंसाचा कोन θ, म्हणून परिघावर θ/2.

समांतर दोरीच्या आकृतीवरही हीच रेषा ओढून पाहिली. तिथे वजनाची रेषा दोरीला दंडगोलाबाहेर, लंबापासून R tanθ अंतरावर छेदते, आणि उंची 2R. भागाकार तोच, (tanθ)/2. एकही समीकरण न मांडता.