पार्सल परत पाठवलं, पण कारण चुकीचं नोंदवलं गेलं

कॅमेऱ्याच्या लेन्सचं पार्सल दारात आलं तेव्हा वरून खोकं चांगलं दिसत होतं. उलटं केल्यावर कळलं. तळाच्या जोडावर विक्रेत्याच्या नावाची छापील टेप होती आणि तिच्यावर साधी पारदर्शक टेप मारलेली होती. दोन टेपांच्या मधे पुठ्ठ्याचे पांढुरके तंतू अडकले होते. टेप एकदा ओढून काढली की पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा तिच्याबरोबर निघतो, आणि वरून दुसरी टेप लावली तरी ती खरबरीत पट्टी दिसतेच. लेबलवर वजन २.३ किलो होतं. बॅगा तोलायच्या काट्याला लावलं तर १.४ भरलं. (लेबलवर कधी कधी खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन असतं, म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नका.)

मी घेणार नाही म्हटलं. त्यालाही डिलिव्हरीवाला तयार होता. अडलं ते पुढेच. त्याच्या यंत्रावर तो "ग्राहकाने नाकारले" हा पर्याय दाबत होता. मी म्हटलं, "पार्सल उघडून पुन्हा चिकटवलंय, तसं नोंदवा." तो म्हणाला, "काहीही लिहिलं तरी परतच जाणार ना!" नाही, तसं नाही! "ग्राहकाने नाकारले" याचा विक्रेत्याकडे अर्थ होतो की माझं मन बदललं. मग खोकं रिकामं पोचलं तर संशय माझ्यावर. "खराब अवस्थेत" असं कारण पडलं, तर वाटेत काय झालं हे कुरिअरला सांगावं लागतं. बराच वेळ वाद घालूनही त्याने शेवटी स्वतःचाच पर्याय दाबला. याचा राग मला अजून आहे.

मी वाचलो ते फोटोंमुळे. तो दारात असतानाच मी सहाही बाजू, तळाचा जोड जवळून आणि लेबलचा नंबर एकाच चौकटीत येईल असे फोटो काढून विक्रेत्याला पाठवले होते, सोबत काट्यावरचा आकडाही. संदेशाची वेळ नकाराच्या नोंदीच्या आधीची निघाली. कुरिअरचं ऑफिस "ग्राहकानेच नाकारलं" हेच घोकत राहिलं, पण विक्रेत्याने वेळ पाहिली आणि पैसे परत केले. केवढं हायसं वाटलं!

एक राहिलं: डिलिव्हरीचा कोड पार्सल बघून झाल्याशिवाय सांगू नका. कोड दिला की माल मिळाला अशी नोंद होते. परत पाठवणं शक्यच नसेल, तर सहीसोबत "तळाची टेप दुहेरी, आतला माल तपासलेला नाही" असं नेमकं लिहा. नुसतं "तपासणीच्या अधीन" लिहिलेलं फारसं धरत नाहीत. घेतल्यावर लेबल दाखवून, व्हिडिओ मधे न थांबवता खोकं उघडा आणि टेपसकट ते जपून ठेवा.

परदेशातून आलेल्या पार्सलवर मात्र कस्टम्सचा शिक्का असलेली टेप असू शकते. ते तपासणीसाठी उघडतात, त्यामुळे तेवढ्यावरून परत पाठवू नका.