१५ जूनचा केसरी आणि एक तळटीप

प्रबंधाचं प्रकरण तपासायला आलं की मी आधी तळटीपा वाचतो. या प्रकरणात एका परिच्छेदाशी हात थांबला. मजकूर असा होता: रँडच्या खुनाच्या आठवडाभर आधी टिळकांनी केसरीत अग्रलेख लिहून अफझलखानाच्या वधाचं समर्थन केलं, हा लेख आणि 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख यांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. खाली तळटीप: केसरी, १६ जून १८९७.

पहिली शंका वारावरून आली. केसरी तेव्हा साप्ताहिक होता, दर मंगळवारी निघायचा, आणि १६ जून १८९७ ला बुधवार येतो. त्या काळातल्या केसरीची तारीख मंगळवारी पडत नसेल, तर तळटीप अंकावरून नाही, दुसऱ्या कुणाच्या पुस्तकावरून उचललेली असण्याची शक्यता मोठी. दुसरी खूण अवतरणात होती. १८९७ च्या छपाईत 'नाहीं', 'करणें', 'त्यांनीं' असे अनुस्वार असतात. इथे एकही नव्हता. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण संकलनांतही लेखन आधुनिक करून घेतात. पण वाक्यं फारच गुळगुळीत होती. खटल्यासाठी झालेलं इंग्रजी भाषांतर पुन्हा मराठीत आणलं की असंच होतं, आणि मग आपण टिळकांचे म्हणून जे शब्द उद्धृत करतो ते भाषांतरकाराचे असतात.

म्हणून १५ जूनचा अंक काढायला सांगितला. त्यात या विषयाचे दोन वेगवेगळे मजकूर आहेत. एक, पुण्यातल्या शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत. वधाबद्दलचं टिळकांचं बोलणं त्यात, अध्यक्षांचं भाषण म्हणून आलंय. दुसरा, 'शिवाजीचे उद्गार' ही कविता, भवानी तलवारीच्या टोपणनावानं छापलेली. दोन्हींपैकी अग्रलेख एकही नाही. राजद्रोहाचा आरोप याच अंकातल्या या मजकुरांवर होता. 'सरकारचे डोके…' हा अग्रलेख ६ जुलैचा, म्हणजे २२ जूनच्या गोळीबारानंतरचा. खटला त्याच्यावरून झाला ही समजूत इतकी पसरलीय की संशोधकाला फार दोष देववत नाही.

आता दाखला कसा द्यायचा? वृत्तांत असेल तर वाक्यातच तसं यायला हवं: 'केसरीच्या वृत्तांतानुसार टिळक उत्सवात म्हणाले'. वृत्तांत हा बोलण्याचा सारांश असतो. बोललेला शब्द न् शब्द त्यात असेलच असं नाही. त्याच सभेची बातमी दुसऱ्या पत्रात सापडली तर ताडून पाहायची. नाही सापडली तर 'केसरीच्या वृत्तांतानुसार' हे शब्द काढायचे नाहीत. कवितेला टोपणनाव जसंच्या तसं द्यायचं आणि 'टिळकांची कविता' म्हणायचं नाही. अग्रलेखावर सही नसते, म्हणून नोंद पत्राच्या नावानं सुरू होते: केसरी, 'देशाचे दुर्दैव', अग्रलेख, १२ मे १९०८. मुख्य मजकुरातही 'केसरीने लिहिलं' म्हणावं. 'टिळकांनी लिहिलं' म्हणायला वेगळा पुरावा लागतो. हा लेख आणि ९ जूनचा अग्रलेख यांवरून १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, हा तो पुरावा नव्हे. छापलेल्या मजकुराची जबाबदारी कायदा ज्याच्यावर टाकतो, तोच लेखक असेल असं नाही.

याच परिच्छेदाच्या पुढं प्लेगच्या झडतीतल्या अत्याचारांबद्दल एक अग्रलेख पुरावा म्हणून जोडला होता. तो पुरावा आहेच, पण पुण्यात संताप किती होता याचा. घरात काय घडलं हे सांगायला तक्रारअर्ज, अधिकाऱ्यांचे कागद, नावानिशी दिलेल्या जबान्या लागतात. १८९७ मध्ये गोखले इंग्लंडमध्ये असताना त्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून स्त्रियांवरच्या अत्याचाराचा आरोप जाहीरपणे केला. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. माफीमुळे अत्याचार झालेच नाहीत असंही ठरत नाही. पत्रांच्या बळावर तो आरोप सिद्ध करता आला नाही, इतकंच. संपादकाच्या नावे आलेल्या पत्रालाही हेच लागू: लिहिणाऱ्याला असं वाटलं, एवढंच त्यावरून म्हणता येतं, आणि तळटीपेत 'पत्र' हा शब्द हवाच.

संशोधकाला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न होता, "सर, मग टिळकांचं नाव या वाक्यात कुठं घालू?" म्हटलं, उत्सवाचे अध्यक्ष म्हणून घाल, आणि तारीख १५ कर.