गप्प झालेला क्लायंट

"प्रोजेक्ट अर्ध्यावर असताना क्लायंटने उत्तरं देणं बंद केलं तर तुम्ही काय करता? मेसेज करत राहायचं की सोडून द्यायचं?"

दोन्ही नाही. मी हातातलं काम थांबवते आणि थांबवलंय हे लेखी कळवते. एवढं सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला हवा असतो तो एक जादूचा मेसेज, जो पाठवला की समोरचा पाच मिनिटांत धावत येईल. तसा मेसेज माझ्याकडे असता तर वेबसाइट बनवण्याच्या धंद्यात मी इतकी वर्षं कशाला झिजले असते?

काम थांबवणं मला आपसूक सुचलेलं नाही. एकदा न थांबवल्याचा फटका बसला, तेव्हा शिकले.

बारा पानांची साइट होती. पैशांचे तीन हप्ते ठरले होते: सुरुवातीला ४० टक्के, डिझाइन मंजूर झाल्यावर ३०, साइट लाइव्ह झाल्यावर उरलेले ३०. पहिली तीन पानं तयार करून मी टेस्ट लिंक पाठवली. त्यांच्याकडून हे काम बघणाऱ्या बाईंचा फोन आला, "छान झालंय, पुढे जा." मी खूश. बाकीच्या नऊ पानांसाठी मजकूर लागणार होता, म्हणून त्याच दिवशी अकरा प्रश्नांची एक मेल पाठवली. त्या मेलला उत्तर आलंच नाही.

पहिला आठवडा मी शांत होते. मग "फक्त आठवण करून देते" सुरू झालं. सात आठवड्यांत सहा मेल गेल्या, आणि शेवटच्या दोन वाचताना आज मला स्वतःचीच कीव येते. "काही अपडेट आहे का?" यात समोरच्याने करण्यासारखं काहीच नाही. उत्तर द्यायचं तर आधी त्याला जुनी मेल शोधावी लागणार, मग ते अकरा प्रश्न, आणि त्यातल्या निम्म्यांची उत्तरं दुसऱ्या विभागांकडे.

पण खरा मूर्खपणा मेलमध्ये नव्हता. त्या सात आठवड्यांत मी उरलेली नऊ पानं खोटा मजकूर टाकून बांधून काढली. तेव्हाची मी म्हणायची की वेळ वाया का घालवायचा, त्या परतल्या की तयार काम बघून खूश होतील. शिवाय "मी थांबते" म्हटलं तर आपण भांडखोर वाटू ही भीती होतीच. आजची मी तिला विचारते, त्या पानांना 'हो' कोणी म्हटलं होतं? तिच्याकडे उत्तर नाही. तिचा युक्तिवाद मात्र मला अजूनही पूर्ण खोडता येत नाही, कारण क्लायंट खरंच परतल्या असत्या तर मी हुशार ठरले असते.

त्या परतल्या नाहीत. त्यांनी नोकरी सोडली होती. मेल परत येत नव्हत्या, म्हणून मी समजत होते की कोणीतरी वाचतंय. पत्ता चालू ठेवला होता, बघणारं कोणी नव्हतं. टेस्ट साइटला पासवर्ड होता आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये कोण कधी आलं हे दिसतं, पण ते बघायचं मला सुचलंच नाही. नंतर बघितलं, तर त्या फोनच्या दिवसानंतर ती लिंक कोणी एकदाही उघडली नव्हती.

शेवटी वैतागून दुसऱ्या हप्त्याचं बिल मी त्यांच्या अकाउंट्स विभागाला पाठवलं. तासाभरात उत्तर आलं! त्या व्यक्ती आता इथे नाहीत, अमुक यांच्याशी बोला. नव्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. ज्या सेवेसाठी साइट मोठी करायची होती ती बंद झाली आहे, आता चारच पानं हवीत. आणि डिझाइन मंजूर झाल्याचं कुठे लिहिलंय, ते दाखवा.

कुठेही लिहिलेलं नव्हतं. फोनवरचं "छान झालंय" एवढंच माझ्याकडे होतं. फोननंतर दोन ओळींची मेल, "आज बोलल्याप्रमाणे तीन पानांचं डिझाइन मंजूर धरून पुढे जाते", एवढी लिहिली असती तरी काहीतरी हातात राहिलं असतं. खूप ओढाताणीनंतर दुसऱ्या हप्त्याचा अर्धा मिळाला. नऊ पानांचं काहीच नाही, आणि खरं सांगायचं तर ते मागायला माझ्याकडे तोंडही नव्हतं.

आता मी काय करते ते सांगते. आधी माझीच शेवटची मेल उघडून बघते. तिच्यात एकाहून जास्त प्रश्न असतील तर नवी मेल पाठवते, एकाच प्रश्नाची, 'हो' किंवा 'नाही' म्हणून सुटणारी. मग लॉग बघते. लिंक दोन-चारदा उघडलेली असेल तर माणूस आहे, निर्णय होत नाहीये. अजिबात उघडलेली नसेल तर फोन करते आणि दुसऱ्या कुणालातरी गाठते. बिल जिथे जातं ती जागा त्यासाठी सर्वात भरवशाची. दहा कामाचे दिवस असे गेले की हे पाठवते:

"तीन पानं तयार आहेत, नऊ बाकी आहेत. पुढे जाण्यासाठी मला फक्त सेवांच्या पानाचा मजकूर हवा आहे. तो येईपर्यंत काम आजपासून थांबवत आहे. पुन्हा सुरू करायचं ठरलं की मला दोन आठवडे आधी कळवा, कारण मधल्या काळात मी दुसरं काम घेते आहे. आजपर्यंतच्या कामाचं बिल सोबत आहे."

यात राग नाही, आणि विनंतीही नाही. या मेलला उत्तरं येतात, बऱ्याचदा त्याच दिवशी. का, ते मला नीट कळलेलं नाही. बहुधा दोन आठवड्यांची रांग दिसते म्हणून.

पण शेवटच्या वाक्यातलं बिल लावायचं तर हप्ते आधीपासून तसे ठरलेले असावे लागतात. "साइट लाइव्ह झाल्यावर ३० टक्के" ही माझी सर्वात मोठी चूक होती, कारण लाइव्ह करणं त्यांच्या हातात होतं. ते गप्प बसले की माझे पैसेही गप्प. आता हप्ते मी काय सुपूर्द केलं यावर असतात. काम थांबून तीस दिवस झाले की झालेल्या भागाचे पैसे द्यावे लागतील, ही ओळही करारात असते. ती आधी सही झालेली नसेल तर गायब झाल्यावर सुचून उपयोग नाही.

काही जण म्हणतात, साइट बंद करून टाकायची, बघा कसे धावत येतात. माझ्या सर्व्हरवरची टेस्ट साइट मी बंद करू शकते. पण त्यांची चालू साइट, पासवर्ड माझ्याकडे आहेत म्हणून? तिथे मी हात लावत नाही.

आणि एक कबुली. माझ्यासाठी चित्रं काढणाऱ्या एका मुलीच्या मेलला मी जवळजवळ महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. पैसे अडकले होते आणि ते सांगायची लाज वाटत होती. तिच्या प्रत्येक "काही अपडेट?" बरोबर ती लाज वाढत गेली. शेवटी तिने लिहिलं की ती काम थांबवते आहे, बिल जोडलं आहे. मला आधी राग आला. मग त्याच संध्याकाळी मी उत्तर लिहिलं.

एवढं सगळं असून गेल्याच वर्षी एका जुन्या क्लायंटसाठी मी न विचारता पुढची दोन पानं केली. तो तीन आठवडे गप्प होता, परतला, पानं आवडली, पैसेही आले. पुढच्या वेळी मी काय करेन, विचारू नका.