चाळीस ओळी आणि सगळ्यांच्या रेषा डोंगरासारख्या

आमच्याकडे मेंटेनन्स स्टोअरमधून कुठला पार्ट महिन्याला किती गेला याची एक मोठी शीट असते, चाळीस आयटम खाली आणि बारा महिने आडवे. आकडेच आकडे, वाचणारा तिसऱ्या ओळीला थकतो. म्हणून रिव्ह्यूच्या आधी आमच्या ज्युनियरने प्रत्येक ओळीच्या शेवटच्या सेलमध्ये स्पार्कलाईन टाकली, म्हणजे त्या एका सेलच्या आत मावणारा छोटासा रेषेचा चार्ट, अक्ष नाही आकडे नाही, फक्त चढउतार. एक्सेलमध्ये २०१० पासून हे आहे, Insert मध्ये जाऊन Sparklines चं Line निवडायचं, Data Range मध्ये आकडे आणि Location Range मध्ये रेषा कुठे हवी ते सेल द्यायचे, एकदम चाळीस ओळींच्या तयार. तिने शीट मला बघायला पाठवली, मीटिंग दुपारी होती.

उघडल्यावर पहिलं जे दिसलं ते म्हणजे सगळ्याच रेषा शेवटी धाडकन खाली. हातमोजे खाली, फिल्टर खाली, बेल्ट खाली, एकही अपवाद नाही. आता चाळीस वेगवेगळ्या वस्तूंचा वापर एकाच महिन्यात एकदम कोसळत नसतो, त्यामुळे असं दिसलं की वस्तूंकडे बघायचंच नाही, डेटाकडे बघायचं. आणि तेच निघालं, बारा महिन्यांच्या पुढे चालू महिन्याचा कॉलम होता N मध्ये, त्यात दहाबारा दिवसांचेच आकडे, आणि रेंज B ते N अशी गेली होती. रेंज M पर्यंत आणली, Edit Data मधून पूर्ण ग्रुपची एकदम बदलता येते, कोसळणं गेलं.

पण खरा घोळ त्यानंतर दिसला. हातमोज्यांची ओळ बघितली तर रेषा अशी चढलीय की कोणालाही वाटेल वापर हाताबाहेर गेलाय, आणि त्याच्या चार ओळी खाली एका बेअरिंगची रेषा, ती पण साधारण तशीच चढलेली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर पटकन फरक सांगता येणार नाही. आकडे मात्र हे असे होते, हातमोजे ४८२, ४८६, ४७९ असं करत शेवटी ४९४, आणि बेअरिंग २२, २४, २१ वरून हळूहळू ३१, ३८, ४३ आणि शेवटी ४७. म्हणजे एकात वर्षभरात जेमतेम तीन टक्क्यांची हालचाल आणि दुसऱ्यात दुपटीहून जास्त वाढ, आणि चित्र एकच!

याचं कारण एक्सेलची डिफॉल्ट सेटिंग. Axis मध्ये उभ्या अक्षासाठी Automatic for Each Sparkline निवडलेलं असतं, म्हणजे प्रत्येक ओळीतला सगळ्यात लहान आकडा सेलच्या तळाला आणि सगळ्यात मोठा माथ्याला. ४७९ तळाला, ४९४ माथ्याला, मधली पंधराची हालचाल अख्ख्या सेलभर ताणलेली. एकाच ओळीचा आकार बघायचा असेल तर हे चांगलंच आहे, कुठे वाढलं कुठे पडलं ते स्वच्छ दिसतं, पण माणूस एकेक ओळ बघत नाही ना, तो डोळा वरून खाली फिरवतो आणि रेषांची तुलना करतो, आणि अक्ष लिहिलेला नसल्यामुळे त्याला कळायला काही मार्गच नाही.

ज्युनियर म्हणाली, "मॅडम, मग Same for All Sparklines करू का, किमान आणि कमाल दोन्हीला?" करून बघितलं. आता सगळ्यांना एकच मोजपट्टी, तर हातमोजे वर एक सपाट रेघ आणि बेअरिंग तळाला चिकटलेलं, २२ आणि ४७ मधला फरक पाचशेच्या पट्टीवर दिसणार तरी कसा. सगळ्या ओळी एकाच मापाच्या असतील, म्हणजे सगळीकडे टक्के किंवा सगळीकडे साधारण सारखे आकडे, तेव्हा हे बरोबर चालतं, आमच्याकडे तसं नव्हतं. (एक लक्षात ठेवा, ही सेटिंग ग्रुपपुरतीच लागते, रेषा वेगवेगळ्या वेळी टाकल्या असतील तर सगळ्या सिलेक्ट करून आधी Group करायचं, नाहीतर अर्ध्यांना लागते अर्ध्यांना नाही आणि ते दिसून पण येत नाही.)

मग आम्ही मूळ आकड्यांच्या रेषा काढायचंच सोडलं. Index नावाची वेगळी शीट केली आणि तिथे प्रत्येक महिन्याचा आकडा त्याच ओळीच्या बारा महिन्यांच्या सरासरीच्या किती टक्के आहे ते काढलं.

```
=Data!B2/AVERAGE(Data!$B2:$M2)*100
```

आडवं बाराही महिन्यांना आणि खाली सगळ्या ओळींना ओढलं. आता हातमोजे साधारण ९९ ते १०२ मध्ये, बेअरिंग ६८ पासून १५२ पर्यंत. रेषा मुख्य शीटवरच राहिल्या, फक्त Data Range मध्ये Index ची रेंज दिली, दुसऱ्या शीटवरची रेंज चालते. अक्षाला Custom Value, किमान ० आणि कमाल २००, म्हणजे प्रत्येक सेलची मधली उंची म्हणजे त्या वस्तूची नेहमीची सरासरी. रो थोडी उंच केली, कारण सेल जितका लांब आणि बुटका तितका चढ कमी वाटतो, हे पण आकार ठरवतं.

आणि मग जे दिसलं ते मला खरंच आवडलं. पस्तीसेक रेषा मधोमध शांत, किंचित हलणाऱ्या, आणि त्यांच्यात दोन-तीनच अशा की ज्या सरळ वर निघाल्यात. बेअरिंग त्यातलं सगळ्यात ठळक. ते वर्षभर कोणाच्या नजरेत आलं नव्हतं कारण शेकड्यांच्या आकड्यांमध्ये ४७ म्हणजे काहीच नाही. दुपारी साहेबांनी तीच ओळ पकडली, विचारलं हे कुठल्या मशीनला जातंय, इश्यू स्लिपा काढल्या तर वाढ जवळजवळ सगळी एकाच कन्व्हेअरची. नंतर उघडल्यावर सील झिजलेलं निघालं, पाणी आत जात होतं आणि लोक बेअरिंग बदलत राहिले होते.

सगळ्यांना मात्र ही पद्धत लावली नाही. काही पार्ट असे होते की महिन्याला ०, १, ०, ०, २. सरासरी इतकी लहान की एक नग गेला तरी इंडेक्स ४०० वर, आणि २०० च्या वरचं सेलमध्ये कापलंच जातं, वर्षभर काहीच गेलं नसेल तर #DIV/0! येतो तो वेगळाच. अशा ओळी बाजूला काढून Ungroup केल्या, त्यांना मूळ आकड्यांवरच Column प्रकार दिला, किमान ० ठेवून, म्हणजे कुठल्या महिन्यात मागणी आली तेवढं कळतं आणि खोटा ट्रेंड दिसत नाही. आणि हेडरच्या सेलमध्ये "सरासरी = मधली उंची, ० ते २००" असं लिहून ठेवलं, कारण रेषेवर ते कुठेच दिसत नाही आणि शीट आमच्या हातातून पुढे जाते.