मृग बहाराच्या संत्र्याचा जॅम: १०४ अंशांवर उतरवायचा की बशी सांगेल तेव्हा?

पुस्तकांत जॅमसाठी १०५ अंश सेल्सिअस दिलेलं असतं. ते समुद्रसपाटीचं माप आहे, तिथं पाणी १०० अंशांना उकळतं. जॅम जमतो तो साध्या पाण्याच्या उकळीपेक्षा साधारण साडेचार ते पाच अंश वर. नागपूर-वर्ध्याच्या पट्ट्यात पाणी ९९ च्या आसपास उकळतं, म्हणून इथलं लक्ष्य १०४. चिखलदऱ्याला पाणी ९६-९७ वरच उकळतं, तिथं १०१ ला थांबावं लागतं. १०५ ची वाट पाहिली तर जॅम चिवट होऊन करपतो. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरून पाहावा आणि जो आकडा येईल त्यात पाच मिळवावेत. यंत्रात एखाद्या अंशाचा फरक असला तरी तो यातच निघून जातो.

या खेपेचं माप असं: सोललेल्या, बिया काढलेल्या संत्र्याचा गर १ किलो, साखर ७५० ग्रॅम, दोन लिंबांचा रस. संत्र्याच्या नुसत्या गरात जॅम जमवणारं पेक्टिन कमी असतं, म्हणून सालीच्या आतला पांढरा भाग आणि थोड्याच बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून गरासोबत अर्धा तास मंद शिजवल्या. बिया जास्त झाल्या की कडवटपणा उतरतो. पुरचुंडी पिळून काढली, मग साखर घातली, आणि ती पूर्ण विरघळल्यावरच आच मोठी केली.

काटा १०१ पर्यंत भराभर चढतो आणि तिथं बराच वेळ अडून बसतो. तेव्हा पाणी उडत असतं, घाई करून उपयोग नाही. शेवटचे दोन अंश मात्र लवकर सरतात, म्हणून १०२ पासून पातेल्याजवळून हलू नये. पसरट पातेल्यात साखरेनंतर वीसेक मिनिटं लागली. उभट गंजात याहून बराच जास्त वेळ जातो, रंगही काळवंडतो.

१०३ ला गॅस बंद करून पहिली बशी. परीक्षा चालू असताना आच चालू ठेवली तर तेवढ्यात जॅम पुढं निघून जातो. चिनी मातीची बशी फ्रीजरमध्ये ठेवलेली असावी. पातळ स्टीलची ताटली लगेच तापते आणि जमलेला जॅमही पातळ दाखवते. चमचाभर जॅम टाकून मिनिटभर थांबायचं, मग बोटानं ढकलायचं. पृष्ठभागावर सुरकुत्या पडल्या आणि बोटानं काढलेली रेघ लगेच भरली नाही, तर झालं. १०३ ला रेघ भरली, १०४ ला सुरकुती आली.

तुलनेसाठी पुरचुंडीशिवाय केलेली अर्धी खेप १०४ ला पोचली, पण बशीवर पाकच राहिली. साखर पुरेशी दाट झाली आहे एवढंच काटा सांगतो. पेक्टिन आणि आंबटपणा आहे की नाही ते बशी सांगते. अशा वेळी आणखी उकळत राहिलं तर असलेलं पेक्टिनही तुटतं. त्यापेक्षा एका लिंबाचा रस आणि पांढऱ्या भागाचा वाटीभर दाट काढा घालून पुन्हा १०४ पर्यंत आणावं.

तिसरी पडताळणी वजनाची. या मापात पातेल्याचं वजन वजा जाता साधारण १३०० ग्रॅम उरायला हवं. १४५० भरलं तर पाणी बाकी आहे, थर्मामीटर काहीही म्हणो. बरणीतला जॅम पूर्ण जमायला एक दिवस लागतो, त्याआधी तो पातळ ठरवून पुन्हा चुलीवर चढवू नये.