नोटीस परत टाका ना

"काका, एजीएमची नोटीस ग्रुपवर परत टाकाल का प्लीज, माझ्याकडून चुकून डिलीट झाली."

गुड मॉर्निंगचे फोटो साफ करताना तीही सिलेक्ट झाली आणि 'डिलीट फॉर मी' दाबलं गेलं, खाली क्षणभर अनडू येतं ते दिसेपर्यंत गेलंच. म्हणजे फक्त माझ्या फोनमधून गेली, बाकी सगळ्यांकडे होतीच की, कुणीही फॉरवर्ड केली असती. आले काय, तर 7 अंगठे.

संध्याकाळी ॲडमिन काकांचा रिप्लाय, "अगं, लिफ्टशेजारी बोर्डावर आहे ना! मीटिंगच्या पूर्ण 14 दिवस आधी द्यावीच लागते."

रोज तिथेच उभी असते मी लिफ्टची वाट बघत, मोबाईलमध्ये डोकं घालून.

तुमच्या बोर्डावर सध्या काय लावलंय, सांगता येईल?