तुम्ही विचारलंत म्हणून: चिवडा 360 का?

"अहो, जीएसटी कमी झाला, कांदा तर मातीमोल गेला, मग तुमचाच चिवडा किलोला 320 चा 360 कसा झाला?"

दुकानात, फोनवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्याच्या रांगेतसुद्धा. विचारणाऱ्यांचा राग नाही. राग येतो तो उत्तर अर्धं ऐकून "हं, सगळंच महागलंय म्हणा" असं परस्पर माझ्या वतीने म्हणून टाकणाऱ्यांचा. सगळंच महागलेलं नाही. काय महागलं आणि काय नाही हे मला रुपयात सांगता येतं, म्हणून एकदा बसून लिहिते.

जीएसटीचं आधी उरकते. 22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद फरसाण-नमकीनवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आला, हे खरं. मोठ्या कंपन्यांची पाकिटं त्यामुळे उतरायलाच हवीत. पण माझी उलाढाल वर्षाला 40 लाखांच्या पुष्कळ खाली आहे. तेवढ्या धंद्याला जीएसटीची नोंदणी घ्यावी लागत नाही, आणि मी घेतलेली नाही. म्हणजे तुमच्याकडून मी 12 टक्के कधी घेतलेच नव्हते. जे घेतलं नाही ते कमी कुठून करू? उलट मी जे विकत आणते त्यावर कर भरते आणि तो मला परत मिळत नाही. 19 किलोच्या व्यापारी सिलिंडरवर 18 टक्के होते, आहेत. प्लॅस्टिकच्या पाकिटांवरही 18. तेलावर 5 होते, तेही तसेच. माझ्या चिवड्याच्या बाबतीत 22 सप्टेंबरला काहीच झालं नाही.

आता कांदा. इथे मात्र थांबावं लागेल.

आमच्या चिवड्यात किलोला साधारण 100 ग्रॅम वाळवलेला कांदा पडतो. ताज्या कांद्यात 85 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्यात सालं, मुळं, शेंडे निघतात. दहा किलो कांदा आणला की जेमतेम किलोभर वाळवण हातात येतं. त्यामुळे वर्षाचा कांदा एप्रिल-मे महिन्यात घ्यायचा, उन्हाळ कांदा. तो कोरडा असतो, पातळ चिरला जातो, आणि त्या दिवसांत आमच्या पंचवटीच्या गच्चीवर दुपारी पाय ठेववत नाही असं ऊन असतं. उभा, कागदासारखा पातळ चिरायचा, सुती साड्यांवर विरळ पसरायचा, दुपारी एकदा हाताने मोकळा करायचा, संध्याकाळी आत घ्यायचा. तीन-चार दिवसांत होतो. झाला की नाही हे बघायची रीत एकच: काप वाकवायचा. वाकला तर नाही झाला. कट्‌ करून मोडला तर झाला.

न झालेला कांदा तळला तर काय होतं ते सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. बाहेरून लगेच काळा पडतो, आत ओल राहते. तळून काढल्यावर तासभर कुरकुरीत लागतो, दुसऱ्या दिवशी मऊ. आणि नुसता तो मऊ पडत नाही, त्याची ओल भाजके पोहे ओढून घेतात. आठवड्यात अख्खं पाकीट सादळतं, मग तेल खवट लागायला लागतं. एका मुठीपायी पाच किलोचा घाणा जातो.

2025 च्या मे महिन्यात काय झालं ते नाशिककरांना सांगायला नको. 300 किलो कांदा आणला होता, 14 रुपयांनी. दोन्ही मावशी पहाटेपासून सोलत होत्या. पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी गंगापूरच्या बाजूने अंधारून आलं आणि सुपाएवढे ढग म्हणेपर्यंत वारा सुटला. ताडपत्री होती. पण ताडपत्री टाकायला चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात आणि आम्ही तिघी होतो. साड्या कांद्यासकट गोळा करून जिन्यातून खाली आणल्या. निम्मा भिजला, निम्मा वाचला असं त्या क्षणी वाटलं.

हॉलमधलं सामान भिंतीला लावून फरशीवर पसरला. दोन पंखे रात्रभर. दुसऱ्या दिवशी ऊन नाही. गच्चीवर नेला, तासाभरात पुन्हा शिंतोडे, पुन्हा खाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आंबूस वास. अर्धवट वाळलेल्या कांद्याचं हेच वाईट. ओला कांदा एखादा दिवस दम धरतो, पूर्ण वाळलेला वर्षभर धरतो, मधला मात्र सडायला टपलेला असतो. गुलाबी काप तपकिरी झाले होते, बोटाला चिकटत होते, आणि न भिजलेल्या निम्म्यालाही तोच चिकटपणा होता. हवेतल्या दमटपणाने तो भिजल्यासारखाच झाला.

मी तरी एक मूठ तळून बघितली. मावशी कढईकडे न बघताच म्हणाल्या, "ताई, हा घातला तर दिवाळीपर्यंत कशाला, आषाढापर्यंतसुद्धा टिकायचा नाही." मी त्यांच्यावरच चिडले. निम्मा निवडून घेऊ म्हणाले. तासभर निवडत बसले. मग निवडलेलाच वास घेऊन बघितला आणि उठले.

पोत्यांत भरून घंटागाडीला दिला. गाडीवरचा दादा म्हणाला, "एवढा कांदा?" त्याला काय सांगायचं. शेतात काढून ठेवलेला कांदा ज्यांचा भिजला त्यांच्यापुढे माझी पोती म्हणजे काहीच नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून रडू थांबतं असं नाही.

पुढे ऊन आलंच नाही. मान्सून 26 मेला मुंबईत पोचलासुद्धा. कांदा स्वस्त होता, तुमचं बरोबर. पण पावसात सापडलेला कांदा वरून गुळगुळीत आणि आत सडका. दहा किलोत दोन किलो काजळी धरलेला निघायचा. आणि वाळवायचा कुठे? ओळखीच्या एकांकडे ट्रे-ड्रायर आहे, फळं वाळवायचा, तो भाड्याने घेतला. 60 अंशांवर आठ-दहा तास. छान कडक होतो, कट्‌ मोडतो. गच्चीवरच्या कांद्याचा गोडवा त्यात येत नाही असं माझं मत. घरातलं कोणी मान्य करत नाही. भाडं आणि निवड धरून एक किलो चिवड्यामागे 7 रुपये वाढले. लासलगावचा भाव कितीही उतरला तरी हे 7 उतरत नाहीत, कारण ते कांद्याचे नाहीतच. ते न पडलेल्या उन्हाचे आहेत.

बाकीचं भरभर. 14 सप्टेंबर 2024 ला केंद्राने आयात खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं. 15 किलोचा सोयाबीनचा डबा मला 1,650 ला पडायचा, तो 2,050 च्या आसपास गेला. मे 2025 च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क निम्मं केलं, पण माझ्या डब्याचा भाव जुन्या जागी आला नाही. किलोभर चिवडा सुमारे 300 ग्रॅम तेल पितो, म्हणजे वाढले 8 रुपये. ऐकून तुम्हाला कमी वाटेल. मलाही वाटलं होतं. हिशेब मांडेपर्यंत मी सगळा दोष तेलालाच देत होते. खोबरं त्याहून जास्त निघालं: 160 रुपयांवरून 340 वर. किलोला 50 ग्रॅम काप घालतो, म्हणजे 9 रुपये. मावशींची हजेरी 400 ची 475 केली. दोघी मिळून दिवसाला 25 किलो करतात, म्हणजे किलोमागे 6.

7, 8, 9 आणि 6. तीस झाले. मी वाढवले चाळीस.

उरलेले दहा माझे आहेत. 2022 पासून भाव तोच ठेवला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. "नफा थोडा कमी घेऊ, गिऱ्हाईक टिकवू" असं मीच म्हणायचे, वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं. त्या बाईला आज विचारावंसं वाटतं की बाई गं, मावशींना हजेरी मिळते, गॅसवाल्याला पैसे मिळतात, मग तुझ्या बारा तासांचं काय? ती म्हणेल, धंदा घरचा आहे. मी म्हणेन, घरचा आहे म्हणून वीज बिल फुकट येत नाही. हे भांडण अजून मिटलेलं नाही. एखाद्या जुन्या काकूंनी पाकीट हातात घेऊन परत ठेवलं की ती जिंकते.

फेकलेल्या कांद्याचे पैसे मात्र या चाळीसात नाहीत. सोलणावळीसकट सहा हजार गेले. ते तुमच्याकडून घ्यावेत की नाही यावर मिस्टरांचा आणि माझा वाद आहे. ते म्हणतात, नुकसान हाही खर्चच, शेतमालाच्या धंद्यात तो धरावाच लागतो. मला ते तोंडातून काढवत नाही. पण दर मे महिन्यात असाच पाऊस यायला लागला, तर तो धरायचा नाही हा माझा हट्ट किती वर्षं चालेल ते सांगता येत नाही.

वजन कमी करायचं सुचवलं होतं एकांनी. अर्धा किलोचं पाकीट 450 ग्रॅमचं करा, किंमत 160 च ठेवा, कोणाच्या लक्षात येत नाही. आता पाकिटावर ग्रॅमची किंमतही छापावी लागते. 500 ग्रॅमला 160 म्हणजे ग्रॅमला 32 पैसे. 450 ला 160 म्हणजे साडेपस्तीस पैशांच्या वर, छापताना 36 च. म्हणजे तुमच्या खिशातून गेले असते तेवढेच, फक्त तुम्ही मला प्रश्न विचारला नसता. पामतेलाचंही सुचवलं गेलं. ते ज्यांना वापरायचंय त्यांनी वापरावं.

तेल आणि खोबरं उतरलं तर भाव उतरवाल का, असंही विचारलं जातं. खोबऱ्याचे 9 उतरवीन. तेलाचं आत्ता कबूल करत नाही, कारण ते वर जाताना रात्रीत जातं आणि खाली येताना महिने लावतं, आणि डबे मी एकदम भरून ठेवते. हजेरी उतरणार नाही. माझे दहाही नाही.

जुन्या छापील किमतीची पाकिटं 160 लाच मिळतील. त्यावर नवी चिकटपट्टी लावून जास्त घेता येत नाही, आणि मी घेणारही नाही. थोडीच उरली आहेत, सकाळी आलात तर मिळतील. नवीन अर्धा किलो 180.